‘कासंडी’ हे नाव मोकळं आहे का?

घरोघरी दूध घालणाऱ्यांसाठी कोणी हिशेबाचं अ‍ॅप बनवलं असं समजू. कोणाकडे किती लिटर, कोणत्या दिवशी खाडा, महिन्याचं बिल किती, एवढंच त्याचं काम. पहिलं सुचणारं नाव ‘दूधहिशेब’. ऐकताक्षणी काम कळतं म्हणून ते सगळ्यांना आवडतं, आणि नेमकी तीच त्याची अडचण असते. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याचं ९वं कलम मालाचं किंवा सेवेचं नुसतं वर्णन करणाऱ्या शब्दांना सहसा नोंदणी देत नाही.

समजा ती मिळाली, तरी नावातला वर्णनाचा भाग आपल्या एकट्याचा होत नाही. फोनपेने भारतपेविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला होता. दोन्ही नावांच्या शेवटी ‘पे’ आहे, ही तक्रार. २०२१मध्ये न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली, कारण हा ‘पे’ म्हणजे पैसे देणं सांगणारा ‘पे’च, त्या एका तुकड्यावर मक्तेदारी सांगता येत नाही. पुढे २०२४मध्ये दोघांनी तडजोड केली. एवढ्या मोठ्या कंपन्यांना जे जमलं नाही, ते ‘दूधहिशेब’वाल्याला कसं जमावं?

म्हणून दुसरं नाव घेऊ: ‘कासंडी’. दूध काढण्याचं भांडं. दुधाशी नातं आहे, पण हिशेबाच्या अ‍ॅपचं वर्णन नाही. आता लोगोवाल्याला फोन करायच्या आधी एक दुपार तपासणीला द्यायची.

सुरुवात दोन्ही स्टोअरपासून, कारण तिथे शोधायला पैसे लागत नाहीत. Kasandi, Kasandee, Kaasandi असं सगळ्या स्पेलिंगनी शोधायचं. मराठी शब्द रोमन लिपीत गेला की त्याला चार तोंडं फुटतात. गूगल प्लेवर एकाच नावाची अनेक अ‍ॅप असू शकतात, त्यामुळे प्लेने नाव स्वीकारलं याचा अर्थ ते मोकळं आहे असा होत नाही. अ‍ॅपलचं उलटं. तिथे नाव वेगळंच लागतं, आणि कोणी ते आधीच नोंदवून अ‍ॅप प्रसिद्ध केलं नसेल तर शोधात काहीच दिसत नाही. डेव्हलपर खात्यात आपल्या अ‍ॅपची नोंद उघडायला गेलं की मगच ‘हे नाव घेतलेलं आहे’ असं कळतं. ती नोंद आधीच करून पाहावी.

खरी तपासणी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावरची. सार्वजनिक शोध फुकट आहे आणि त्यात उच्चारानुसार शोधायची सोय आहे. ती टाळून नुसतं हुबेहूब स्पेलिंग शोधणारे लोक हमखास फसतात, कारण कायदा कान लावून ऐकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६०च्या दशकात ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ ही नावंसुद्धा साध्या गिऱ्हाइकाचा घोटाळा होण्याइतकी सारखी ठरवली होती.

शोध वर्गवार करावा लागतो. डाउनलोड होणारं सॉफ्टवेअर ९व्या वर्गात, ऑनलाइन चालणारी सॉफ्टवेअर सेवा ४२व्यात. पण तेवढ्यावर थांबू नये. ३०व्या वर्गात ‘कसुंदी’ नावाची मोहरीची चटणी निघाली, तर फार काळजी नाही. चटणी घेणारा माणूस दुधाच्या हिशेबाशी तिची गल्लत करणार नाही. २९व्या वर्गात, म्हणजे दूध, दही, तुपाच्या वर्गात, एखाद्या डेअरीची ‘कासंडी’ निघाली तर मात्र नाव सोडलेलं बरं. वर्ग वेगळा असला तरी गिऱ्हाईक तेच, आणि अ‍ॅप त्या डेअरीचंच आहे असं त्याला वाटणार. एखाद्या जुन्या अर्जापुढे ‘Abandoned’ दिसलं तरी हुरळून जाऊ नये. अर्ज सोडला म्हणजे धंदा सोडला असं नाही, आणि ३४वं कलम आधीपासून नाव वापरणाऱ्याला संरक्षण देतं. त्याची नोंदणी नसली तरीही. म्हणून साधा गूगल शोध, दुकानांच्या याद्या, इन्स्टाग्राम हेही चाळायचं.

डोमेन त्याच दुपारी पाहावं आणि मोकळं असेल तर लगेच घ्यावं; वर्षाचा खर्च लोगोच्या मानाने किरकोळ. मात्र डोमेन हातात आलं म्हणजे हक्क मिळाला, हा मोठा गैरसमज आहे. ‘सिफी’ हे नाव आधीपासून वापरणाऱ्या सत्यम इन्फोवेने ‘सिफीनेट’ डोमेनवाल्यांविरुद्ध दाद मागितली, तेव्हा २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळतं असं सांगून आधीच्या वापरकर्त्याच्या बाजूने कौल दिला. डोमेन विकणारी कंपनी फक्त पत्ता रिकामा आहे का, एवढंच बघते.

सगळीकडे वाट मोकळी दिसली, तर वकिलाकडून एकदा शोध पडताळून घेऊन शब्दचिन्हाचा अर्ज करावा. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. वापर सुरू झालेला नसला तरी अर्ज करता येतो.

तोवर प्रोग्रामरला एक सांगून ठेवावं. अँड्रॉइड अ‍ॅपचा पॅकेज आयडी, समजा com.kasandi.app, एकदा प्लेवर चढला की बदलत नाही, आणि स्टोअरच्या लिंकमध्ये तो सगळ्यांना दिसतो. नाव पक्कं होईपर्यंत त्यात कंपनीचं नाव आणि काहीतरी निरुपद्रवी शब्द घालावा.