नमुना हातात, ड्रॉइंग नाही : तीन भोकांची गोष्ट

आमच्या लॅबमधल्या जुन्या स्टररची मोटार ज्या गोल ॲल्युमिनियमच्या प्लेटवर बसते, ती प्लेट तडकली. ड्रॉइंग कुठेच नव्हतं. मग कॅलिपर घेतला, मापं घेतली, मॉडेल केलं, वर्कशॉपमधून प्लेट आणली. दोन बोल्ट बसले, तिसरा बसेना!

चूक साधी होती. भोकांची जागा मी प्लेटच्या कडेपासून मोजली होती. प्लेट ओतीव, कड खडबडीत, त्यामुळे जागा अर्ध्या मिलिमीटरहून जास्त चुकली. M5 च्या बोल्टला 5.5 मिमीचं भोक असतं, म्हणजे एका बाजूला फक्त 0.25 मिमीची सूट. मोजायला बसण्याआधी ही सूट किती आहे, हे बघायला हवं होतं.

दुसऱ्या वेळी कडेला हातच लावला नाही. भोकाचं केंद्र कॅलिपरला धरता येत नाही, पण दोन भोकांच्या लांबच्या कडांमधलं अंतर आतल्या जबड्यांनी मोजता येतं आणि जवळच्या कडांमधलं बाहेरच्या जबड्यांनी. माझी मापं आली 47.02 आणि 36.10. यांची सरासरी, 41.56, हेच केंद्रांमधलं अंतर. यात भोकाचा व्यास लागतच नाही. शिवाय जबड्यांची टोकं सपाट असल्याने गोल भोकात लांबचं माप थोडं कमी आणि जवळचं थोडं जास्त येतं. सरासरीत हे बरंचसं कटतं. वजाबाकीचं अर्ध केलं तर 5.46 येतं. भोक 5.5 चं असावं, हा पडताळाही फुकटात मिळाला.

उरलेल्या दोन जोड्यांची अंतरं आली 41.60 आणि 41.54. हे तीन आकडे जसेच्या तसे स्केचमध्ये टाकले, तर त्रिकोण किंचित वाकडा होतो. मूळ डिझाइन करणाऱ्याने ते काढलेच नसणार. त्याने एक वर्तुळ घेऊन त्यावर 120 अंशांवर भोकं पाडली असतील. सरासरी 41.57 ला 0.866 ने भागलं, की वर्तुळाचा व्यास येतो 48.0. स्केचमध्ये हा एकच आकडा द्यायचा. (एखादं अंतर बाकीच्यांपेक्षा 0.2–0.3 ने वेगळं असतं, तर मी समान कोनाचा अंदाज सोडून दिला असता. आणि भोक झिजून लांबट झालंय का, हे आधी दोन दिशांनी मोजून बघा.)

मधल्या मोठ्या भोकाला मात्र असं पूर्ण आकड्यावर आणणं चालत नाही. ते मला 20.04 दिसलं आणि त्यात बसणारी मोटारची गोल मान 19.97. फरक 0.07, आणि कॅलिपरच्या प्रत्येक मापात 0.03 इकडेतिकडे होऊ शकतं. म्हणजे सूट 0.01 असेल किंवा 0.13, या आकड्यांवरून ठरवणं अशक्य. मी मोटारच लेथवाल्या काकांकडे नेली आणि म्हटलं, "ही हाताने दाबून बसली पाहिजे."

वर्कशॉपला जाण्याआधी मॉडेलचा कागद 100 टक्के आकारात छापला, भोकं कापली आणि स्टररवर धरला. तिन्ही बोल्ट आरपार गेले.