प्लेटलेट्स खरंच कमी आहेत का?

नोकरीच्या तपासणीसाठी एका तरुणाने रक्त दिले. सीबीसीच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स ६२,००० आल्या आणि घरात डेंग्यूची भीती शिरली. ताप मात्र नव्हता, हिरड्यांतून रक्त नव्हते, अंगावर लाल ठिपकेही नव्हते.

हा आकडा एका मायक्रोलिटरमधला, म्हणजे एका घन मिलिमीटर रक्तातला. थेंबाचा साधारण पन्नासावा भाग! कुठे हेच ‘६२’ असे हजारांत छापतात, कुठे ‘०.६२ लाख’. म्हणून आधी एकक पाहावे.

मोजणारे यंत्र कण ओळखते ते मुख्यतः आकारावरून. जांभळ्या झाकणाच्या नळीतले ईडीटीए रक्त गोठू देत नाही. पण काहींच्या रक्तात त्यामुळेच नळीत प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात. असा पुंजका यंत्राला प्लेटलेट वाटत नाही आणि मोजणीतून सुटतो. या तरुणाच्या काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली पुंजके स्पष्ट दिसले. मग निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या नळीत रक्त घेतले. आकडा आला १,६०,०००. या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग द्रावण असते, म्हणून १.१ ने गुणायचे: १,७६,०००.

एका लॅबची मर्यादा १.५ ते ४.१ लाख, दुसरीची ४.५ लाखांपर्यंत, असे का? निरोगी माणसांतल्या मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे ज्या पट्ट्यात येतात, ती ही मर्यादा. यंत्र आणि तपासलेली माणसे बदलली की पट्टा थोडा सरकतो. उरलेले पाच टक्के निरोगीच असतात, तरी त्यांच्या आकड्याखाली ठळक खूण येते.