बिल चुकलंय, पण नेमकं कुठे कुठे?

सावंतवाडीत इलेक्ट्रिकच्या सामानाचं एक दुकान आहे आणि त्याच मालकाची म्हापशात शाखा आहे, असं समजू. कोल्हापूरच्या डीलरकडून वायरची 40 बंडलं आणि शंभर पाइप सावंतवाडीत येऊन पडतात. दर बंडलामागे 2,150 रुपये ठरला होता. हातात आलेल्या बिलावर मात्र 2,250 आहे आणि वरच्या कोपऱ्यात नंबर आहे म्हापशाच्या शाखेचा.

अशा वेळी बहुतेक दुकानांतून एक फोन जातो, "शेठ, बिल चुकलंय, जरा बघा." पलीकडून उत्तर येतं, "पुढच्या बिलात अ‍ॅडजस्ट करू." दोघंही मनाने चांगले असतात, तरी यातून काहीच दुरुस्त होत नाही. पुढच्या बिलात चार हजार कमी लावले, तरी या बिलाचा कर गोव्याच्याच खात्यात पडून राहतो.

जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, म्हणजे महाराष्ट्राला 27 आणि गोव्याला 30. पुढची दहा अक्षरं पॅनची. मालक एकच असल्यामुळे दोन्ही शाखांच्या नंबरांत ही दहा अक्षरं सारखीच दिसतात आणि घाईत बिल करणाऱ्याची गल्लत तिथेच होते. शेवटचं अक्षर पडताळणीचं असतं, त्यामुळे एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तर सहसा पोर्टलच तो नंबर नाकारतं. इथे तसं होत नाही, कारण नंबर खरा आणि चालू आहे. फक्त तो दुसऱ्या राज्यातला आहे. कायद्याच्या नजरेत या दोन नोंदण्या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, म्हणून गोव्यात जमा झालेलं क्रेडिट सावंतवाडीला वापरता येत नाही.

त्या एका नंबरामागोमाग आणखी दोन चुका आल्या आहेत. नंबर गोव्याचा पडला म्हणून सॉफ्टवेअरने पुरवठ्याचं ठिकाण गोवा धरलं. ठिकाण गोवा धरलं म्हणून 18 टक्के आयजीएसटी लागला. माल कोल्हापूरहून सावंतवाडीला, म्हणजे महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रातच आला, तेव्हा नऊ टक्के सीजीएसटी आणि नऊ टक्के एसजीएसटी लागायला हवा होता. डीलरला नुसतं "नंबर बदला" म्हटलं आणि त्याने तेवढाच बदलला, तर नंबर महाराष्ट्राचा आणि कर आयजीएसटी असं नवं चुकीचं बिल हातात येईल. चौथी चूक दराची. तिचा नंबराशी संबंध नाही.

या चारही चुका एकाच पत्रात, एकाच वेळी लिहून द्याव्यात असं मी आग्रहाने म्हणतो. डीलरने जीएसटीआर-1 भरलं की त्यातलं बिल पुढच्या महिन्याच्या विवरणपत्रात दुरुस्त करता येतं, पण एकदाच. आज नंबर सांगितला, महिन्याने दर सांगितला, तर दुसऱ्या वेळी त्याच नोंदीला हात लावता येत नाही. डीलरचा अकाउंटंटही माणूसच असतो, त्याला चार फोनपेक्षा एक कागद बरा.

पत्र असं असावं:

"आपलं बिल क्र. 1187, दि. 9 जून 2025, यात खालील चुका आढळल्या.
1. खरेदीदाराचा जीएसटी नंबर: बिलात आमच्या म्हापसा शाखेचा (30ने सुरू होणारा) आहे. माल सावंतवाडीने मागवला व घेतला. योग्य नंबर 27ने सुरू होणारा, तो सोबत जोडलेल्या नोंदणी प्रमाणपत्रावर पाहावा.
2. पुरवठ्याचं ठिकाण: बिलात गोवा, हवं महाराष्ट्र.
3. कराचा प्रकार: बिलात आयजीएसटी 18,360 रु. त्याऐवजी सीजीएसटी 8,820 व एसजीएसटी 8,820 रु. हवा.
4. वायरचा दर: बिलात 2,250, ऑर्डरप्रमाणे 2,150 रु. (प्रत सोबत). 40 बंडलांवर फरक 4,000 रु.
पाइपचे 12,000 रु. बरोबर आहेत. त्यामुळे करपात्र रक्कम 1,02,000 ऐवजी 98,000 आणि एकूण रक्कम 1,20,360 ऐवजी 1,15,640 रु. व्हावी. कृपया या बिलाची पूर्ण क्रेडिट नोट व नवीन बिल जूनच्याच जीएसटीआर-1 मध्ये दाखवावं."

प्रत्येक मुद्द्यात काय आहे, काय हवं आणि पुरावा कोणता, एवढंच आहे. जे बरोबर आहे तेही लिहिलं आहे, म्हणजे पाइपच्या ओळीला कोणी हात लावणार नाही. दराचा फरक चार हजारांचा असला तरी करासकट तो 4,720 होतो, म्हणून शेवटची बेरीज आपणच करून द्यावी.

पूर्ण क्रेडिट नोट मागायचं कारण असं, की डीलर ई-इनव्हॉइस काढणारा असेल तर ते बिल पोर्टलवर चोवीस तासांतच रद्द करता येतं आणि तेव्हाही नव्या बिलाला नवा क्रमांक लागतो. पोर्टलवरच्या ई-इनव्हॉइसमध्ये दुरुस्ती करण्याची सोयच नाही. चूक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लक्षात आली, की क्रेडिट नोट आणि नवीन बिल हा सगळ्यांत स्वच्छ मार्ग उरतो. फक्त दरच चुकला असता, तर 4,000 आणि त्यावरच्या 720 रुपये कराची क्रेडिट नोट पुरली असती. उलट दर कमी लागला असता, तर डीलरने डेबिट नोट द्यायची. या दोन्ही नोटा कर कायद्यात विक्रेत्यानेच द्यायच्या असतात. खरेदीदार आपल्या वहीत जी डेबिट नोट टाकतो, तिने डीलरचा कर कमी होत नाही. बिलावर पेनने खाडाखोड करून सही घेण्याचाही उपयोग नाही, कारण पोर्टलवर जुनेच आकडे राहतात.

पत्त्यात गल्लीचं नाव चुकलं किंवा पिनकोड राहिला, तर तेही यादीत शेवटी लिहावं, पण त्यासाठी अडून बसू नये. कराची रक्कम, मालाचं वर्णन, एकूण किंमत, दोघांचे जीएसटी नंबर आणि आंतरराज्य व्यवहारात पुरवठ्याचं ठिकाण, एवढं बिलावर असेल तर बाकी एखादा तपशील राहिल्याने क्रेडिट अडत नाही, असं नियम 36 मध्येच म्हटलं आहे.

पत्र ईमेलने पाठवावं आणि म्हापसा शाखेलाही कळवावं. चुकीचं बिल गोव्याच्या खात्यात आयएमएसमध्ये दिसेल आणि तिथे काहीच केलं नाही तर ते मंजूर समजलं जाईल. ते नाकारायचं, की तसंच ठेवून क्रेडिट नोट येऊ द्यायची, हे डीलरशी बोलून एकदाच ठरवावं. बिल नाकारलं आणि क्रेडिट नोट मात्र मंजूर केली, तर गोव्याच्या खात्यात 18,360 रुपये उणे पडतात.

जूनचं जीएसटीआर-1 मासिक विवरण भरणाऱ्या डीलरला 11 जुलैपर्यंत भरायचं असतं आणि 14 जुलैला आपलं जीएसटीआर-2बी तयार होतं. त्या दिवशी सावंतवाडीच्या खात्यात नवीन बिल 8,820 अधिक 8,820 करासह आहे का आणि म्हापशाच्या खात्यात क्रेडिट नोट पोचली का, हे दोन्ही पाहावं. नसेल तर त्याच पत्राचा दाखला देऊन पुन्हा लिहावं आणि नवीन बिल दिसेपर्यंत ते क्रेडिट घेऊ नये. 2025-26 च्या बिलांची क्रेडिट नोट दाखवायला आणि क्रेडिट घ्यायला 30 नोव्हेंबर 2026 किंवा वार्षिक विवरण भरल्याची तारीख, यांतली जी आधी येईल तोवरच मुदत आहे.