लोगोचा काळा रंग चार प्लेटांत का पसरतो

मिठाईच्या दुकानाचं खोकं छापायचं आहे. समोर पेढ्यांचा फोटो, त्यातच नारिंगी गोलात काळ्या अक्षरांचा लोगो. मालक म्हणतात, ‘‘लोगोखालची जुनी शाखा तेवढी खोडा.’’ पाच मिनिटांचं काम. ऑपरेटर फाइल आरजीबीत नेतो, शाखा खोडतो, परत सीएमवायकेत आणतो. स्क्रीनवर सगळं तसंच दिसतं. खोकी छापून आली, की बारीक अक्षरांच्या कडेला गुलाबी-निळी झाक असते.

मूळ लोगोत काळा म्हणजे निव्वळ काळी शाई, १०० टक्के. बाकी तिन्ही शून्य. आरजीबीत काळ्या शाईचा वेगळा चॅनेलच नसतो. तिथे गेल्यावर फक्त ‘हा रंग डोळ्यांना कसा दिसतो’ एवढीच माहिती उरते, आणि परत येताना तो रंग चारही शायांतून नव्याने रचला जातो. फोटोशॉपच्या अमेरिकी मूळ मांडणीतल्या स्वॉप प्रोफाइलमध्ये ही फेरी मारली, तर साधारण सायन ७०, मॅजेंटा ६७, पिवळा ६४ आणि काळा ७४ असे आकडे हाती येतात. आता तेच बारीक अक्षर चार प्लेटांवर आलं. ऑफसेटवर प्लेट केसभर जरी सरकली, तरी कडेला झाक उमटते. नारिंगीचंही तसंच: मॅजेंटा ६० आणि पिवळा १०० एवढाच असलेला रंग परततो तेव्हा त्यात सायनचे ठिपके शिरलेले असू शकतात आणि तो मळकट दिसतो.

म्हणून अशी फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत सीएमवायकेतच ठेवावी. उघडताना प्रोफाइल जुळत नसल्याची सूचना आली, तर फाइलचं स्वतःचं प्रोफाइल कायम ठेवावं. इथे Assign Profile आणि Convert to Profile यांची गल्लत फार होते. पहिल्याने शायांचे आकडे तेच राहतात, फक्त स्क्रीनवरचं दिसणं बदलतं. दुसरा दिसणं सांभाळायला आकडेच बदलतो, म्हणजे लोगोच्या दृष्टीने नेमकं नको ते करतो.

खोडलेल्या जागी रंग भरताना आयड्रॉपरवर विसंबू नये. जेपीइजीतून आलेल्या फोटोत शेजारशेजारच्या पिक्सेलचे आकडेही वेगळे निघतात. ब्रँडचे ठरलेले आकडे मालकांकडून मागवून थेट टाइप करावेत. दुसऱ्या फाइलमधून तुकडा आणून चिकटवला असेल, तर ती फाइल आरजीबी नव्हती ना, हे पाहावं. चिकटवताना रंगांचं रूपांतर होऊन जातं. खरं तर लोगो फोटोत मुरवूच नये, व्हेक्टर रूपात वर ठेवावा. पण हातात येते ती फाइल बहुधा मुरवलेलीच असते.

तपासायला चॅनेल पॅनेल पुरतं. फक्त सायन चॅनेल उघडा: नारिंगी गोल आणि त्यातली काळी अक्षरं तिथे पांढरीच दिसायला हवीत. राखाडी छटा दिसली, तर वाटेत कुठेतरी रूपांतर झालं आहे. टिफ सेव्ह करताना ICC Profile वरची खूण तशीच ठेवा. पीडीएफ काढताना रंग-रूपांतर बंद करा आणि छापखान्यात पाठवण्याआधी ॲक्रोबॅटच्या Output Preview मध्ये काळी प्लेट बंद करून पाहा. काळ्या अक्षरांच्या जागी निव्वळ पांढरं उरलं, तर फाइल पाठवायला हरकत नाही.