सपाट माथ्याची लहर

रेकॉर्डिंग फाटलेलं ऐकू आलं की बहुतेक जण आधी व्हॉल्यूम कमी करून बघतात. आवाज मोठा झाला म्हणून फाटला, तेव्हा लहान केला की सुधारेल, असा त्यामागचा समज. तो का खरा नाही, हे एडिटरमध्ये डोळ्यांनी दिसतं.

फाटलेल्या शब्दापाशी एकेक लहर सुटी दिसेपर्यंत झूम करा. धड लहरीचा माथा गोलसर किंवा टोकदार असतो. इथे तो सुरीने कापल्यासारखा सपाट दिसेल. लांबून बघून मात्र निकाल देऊ नका. लिमिटर लावलेलं रेकॉर्डिंगही लांबून भरगच्च आणि सपाट दिसतं, पण जवळून त्याचे माथे बहुधा शाबूत निघतात.

१६ बिटच्या फाइलमध्ये आवाजाची प्रत्येक नोंद म्हणजे एक आकडा, आणि त्याची वरची मर्यादा ३२,७६७. समजा, गोष्ट वाचताना कुणी जोरात हसलं आणि लागोपाठच्या नोंदी ३०,०००, ३८,०००, ४५,०००, ३९,००० अशा व्हायला हव्या होत्या. फाइलमध्ये उतरतात ३०,००० आणि पुढे तीनदा ३२,७६७. आता व्हॉल्यूम सहा डेसिबलने उतरवला, तर आकडे जेमतेम निम्मे होतात: १५,००० आणि तीनदा सुमारे १६,४००. माथा खाली आला, पण सपाटच राहिला. मधला ४५,००० कुठेच नोंदलेला नाही, तो परत येणार कुठून?

कानाला टोचते ती या सपाटपणाने जन्माला घातलेली भर. २०० हर्ट्झचा शुद्ध स्वर वरून-खालून सारखाच कापला गेला, तर त्यात ६००, १,०००, १,४०० हर्ट्झचे नवे स्वर मिसळतात. बोलण्यात मुळातच अनेक कंपनं एकत्र असतात, त्यामुळे ही भर खरखरीसारखी ऐकू येते.

मीटर शून्याला टेकला नाही म्हणजे क्लिपिंग झालंच नाही, हा समज जास्त फसवा आहे. माइकचा प्रीअँप किंवा मिक्सर आधीच आवाज कापून पुढे पाठवू शकतो. मग माथे निम्म्या उंचीवरही सपाट दिसतात, आणि ऑडॅसिटीत `Show Clipping in Waveform` चालू असलं तरी लाल रेघ उमटत नाही, कारण ती फक्त कमाल मर्यादेला टेकलेल्या नोंदी दाखवते. ३२ बिट फ्लोट फाइलही इथे काही वाचवत नाही. तिच्यापर्यंत येण्याआधीच लहर कापली गेलेली असते.

हळू रेकॉर्ड केलं तर खरखर वाढेल, ही भीती २४ बिटमध्ये फारशी खरी नाही. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलला ठेवला, तर साधारण दोन बिट वापराविना राहतात, उरलेले २२ पुरून उरतात. पंख्याचा आणि खोलीचा आवाज या २२ बिटांच्या खरखरीच्या तळाच्या कितीतरी वर असतो. पातळी लावताना ‘हॅलो, वन टू थ्री’ न म्हणवता सर्वांत जोरकस वाक्य किंवा हसणंच करून घ्या.

डी-क्लिपचं साधन शेजारच्या नोंदी बघून हरवलेल्या माथ्याचा अंदाज बांधतं. दोन-चार नोंदी गेल्या असतील तर तो बऱ्यापैकी जमतो. वाक्यभर माथे कापलेले असतील, तर ते वाक्य पुन्हा बोलून घ्यावं लागतं.