पाणी कुठून सोडायचे?

ब्रुकलिन म्युझियमच्या संग्रहात पॉम्पेईच्या ग्रीक नाण्यांचे एक कृष्णधवल छायाचित्र आहे. त्यातली २४ नाणी सहा-सहाच्या चार रांगांत मांडलेली दिसतात. प्रतिमाप्रक्रिया शिकणाऱ्या बहुतेकांच्या नजरेखालून हे चित्र कधी ना कधी गेलेले असते, कारण पायथॉनच्या scikit-image या संचासोबत ते आयतेच मिळते. आकार लहानच: ३०३ ओळी, ३८४ स्तंभ, म्हणजे एक लाख सोळा हजारांच्या आसपास ठिपके. प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५ मधला एक आकडा, ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. संगणकाला काम एवढेच सांगायचे आहे, की नाणी कुठे संपतात आणि पाठीमागची जमीन कुठे सुरू होते ते दाखव.

लहान मूलही हे बोटाने दाखवील. संगणकाची मात्र पहिल्याच पायरीवर फजिती होते. सरळ उपाय असा, की एक आकडा ठरवायचा, त्यापेक्षा उजळ ते नाणे आणि गडद ती जमीन. पण छायाचित्रावर उजेड सारखा पडलेला नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यात जमीनच उजळ आहे, तर इतरत्र नाण्यांचेही काही भाग मंद आहेत. आकडा १०० ठेवला तर कोपऱ्यातली जमीन नाण्यांत मिसळते. १५० ठेवला तर नाण्यांचे लचके तुटतात. सगळ्या चित्राला चालेल असा एक आकडा सापडतच नाही.

या कोंडीतून काढलेली एक वाट फ्रान्समधून आली. पॅरिसच्या खाणकाम महाविद्यालयाचे गणिती आकारशास्त्राचे केंद्र फोंतेनब्लो येथे होते. जॉर्ज माथेराँ आणि झाँ सेरा यांनी या शास्त्राचा पाया १९६४ मध्ये घातला, तोही लॉरेनच्या लोहखनिजाचे नमुने तपासताना. त्याच केंद्रातल्या सर्ज ब्यूशेर आणि क्रिस्तियाँ लांत्युएजूल यांनी १९७९ मध्ये चित्रातल्या कडा शोधण्यासाठी पाणलोटाची कल्पना मांडली. चित्र म्हणजे डोंगरदऱ्यांचा प्रदेश समजायचा, त्यात पाणी भरायचे आणि दोन दऱ्यांचे पाणी जिथे भिडेल तिथे बांध घालायचा. महाबळेश्वरच्या माथ्यावरचा पाऊस एका अंगाने कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जातो, दुसऱ्या अंगाने सावित्रीतून अरबी समुद्राकडे. तो माथा म्हणजे जलविभाजक, आणि चित्रातही त्याचाच शोध घ्यायचा असतो.

प्रश्न असा, की चित्रात डोंगर कोणता? उजळ ठिपका म्हणजे उंच असे मानले, तर कोपऱ्यातल्या उजळ जमिनीचाही डोंगर होतो आणि जुनी कोंडी कायम राहते. म्हणून पाणी मूळ चित्रात सोडत नाहीत, त्याच्या ग्रेडियंटमध्ये सोडतात. प्रत्येक ठिपक्याच्या आजूबाजूला उजेड किती झपाट्याने बदलतो ते मोजायचे आणि तो बदल म्हणजेच त्या जागेची उंची धरायची. सोबेल नावाची चाळणी तीन बाय तीनच्या चौकटीत हे गणित करते. आता उजळ जमीन आणि गडद जमीन दोन्ही सपाट मैदाने होतात. कोपऱ्याकडे जमीन हळूहळू उजळत गेली तरी चढ इतका मंद असतो की पाण्याला अडथळा होत नाही. नाण्याच्या काठावर मात्र उजेड एकदम बदलतो, म्हणून तिथे भिंत उभी राहते. सगळ्या चित्रात २४ गोल तटबंद्या दिसू लागतात.

इथवर सारे छान वाटते. पण प्रत्येक खळग्यातून पाणी वर चढवले की २४ नाण्यांच्या जागी शेकडो लहानमोठे तुकडे हाती येतात. यालाच ओव्हरसेगमेंटेशन म्हणतात. ते का होते, हे अकरा ठिपक्यांच्या एकाच ओळीवर तपासता येते. समजा, ग्रेडियंटची उंची अशी आहे:

२, १, ३, १, ४, ९, ५, २, ३, १, २

खरी भिंत एकच, सहाव्या जागेवरची ९ उंचीची. पण दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांपेक्षा खाली असलेल्या जागा चार आहेत: दुसरी, चौथी, आठवी आणि दहावी. पाण्याच्या लेखी चारही जागा सारख्याच. चारांतून पाणी वर येते, ३ उंचीच्या दोन किरकोळ उंचवट्यांवर आणि ९ च्या भिंतीवर असे तीन बांध पडतात आणि ओळीचे चार तुकडे होतात. ३ चा उंचवटा कॅमेऱ्याच्या दाण्यामुळे आला असेल किंवा धातूवरच्या ओरखड्यामुळे. पद्धतीला त्याची चौकशी नाही. नाण्यांच्या चित्रात तर ठशाचा उठावही आहे, आणि त्यातल्या प्रत्येक रेषेला स्वतःची कड असते. चूक गणिताची नाही. खळगा दिसला की तलाव करायचा, एवढीच आज्ञा त्याला दिलेली होती.

पहिला इलाज मनात येतो तो उथळ खळगे बुजवण्याचा. वरच्या ओळीत चौथ्या जागेचा खळगा १ पासून ३ पर्यंत, म्हणजे दोन खोलीचा आहे, आठव्याचा एकच. तीनपेक्षा कमी खोलीचे खळगे मोजायचेच नाहीत असे ठरवले की किरकोळ बांध जातात आणि ९ ची भिंत राहते. साध्या चित्रांत हे भागते. नाण्यांत अडचण अशी येऊ शकते, की उजळ नाण्यावरच्या ठशाची कड मंद नाण्याच्या काठापेक्षाही ठळक निघते. मग ठसा बुजवायला जावे तर काठ बुजतो आणि काठ राखावा तर ठसाही राहतो. उजेडाच्या आकड्याची जी गत झाली होती, तीच खोलीच्या आकड्याची होते.

फोंतेनब्लोच्याच मंडळींनी पुढे रूढ केलेला दुसरा इलाज जास्त धीट आहे. खळगे मोजायचेच सोडून द्यायचे. पाणी कुठून सुटणार हे आधी खुणा करून सांगायचे आणि बाकी कुठल्याही खळग्याला स्वतःचे पाणी द्यायचे नाही. या खुणा म्हणजे मार्कर. वरच्या ओळीत दुसऱ्या आणि दहाव्या जागी खूण करून पाहा. दुसऱ्या जागेचे पाणी ३ पर्यंत चढते, उंचवटा ओलांडून चौथ्या खळग्यात उतरते आणि तो आपलाच धरून भरते. पलीकडचे पाणीही तसेच आठव्या खळग्यात पसरते. दोघांची गाठ पडते ती ९ च्या भिंतीवर. बांध एक, तुकडे दोन. पहिली खूण दुसऱ्याऐवजी चौथ्या जागी असती तरी निकाल हाच लागला असता. पद्धतीची सारी मजा इथे आहे: वस्तू किती आहेत आणि साधारण कुठे आहेत एवढे माणसाने सांगायचे, नेमकी सीमा चित्र स्वतः ठरवते. खूण ओबडधोबड असली तरी चालते, फक्त ती वस्तूच्या आत असली पाहिजे.

त्याच मंडळींतल्या फेर्नां मेयर यांनी यासाठी वापरलेली रीत रांगेची आहे. खुणांचे सगळे शेजारी रांगेत उभे राहतात. ज्याची उंची सर्वांत कमी त्याचा नंबर आधी, उंची सारखी असेल तर जो आधी आला तो. नंबर लागलेल्या ठिपक्याला ज्या पाण्याने गाठले त्याचे नाव मिळते आणि त्याचे शेजारी रांगेत येतात. रांग संपली की काम संपले.

नाण्यांसाठी खुणा उजेडाच्या दोन टोकांवरून घेता येतात. ३० पेक्षा गडद ठिपका जमिनीचाच असणार आणि १५० पेक्षा उजळ ठिपका नाण्याचाच, एवढे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते. मधल्या साऱ्यांबद्दल मत द्यायचे नाही.

```python
import numpy as np
from skimage import data, filters, segmentation

coins = data.coins()
height = filters.sobel(coins)
markers = np.zeros(coins.shape, dtype=int)
markers[coins < 30] = 1
markers[coins > 150] = 2
result = segmentation.watershed(height, markers)
```

एकट्याने फसलेला १५० चा आकडा इथे कामाला येतो, कारण त्याच्याकडून आता पूर्ण उत्तराची अपेक्षा नाही, खात्रीच्या थोड्या जागा तेवढ्या हव्यात. वरच्या कोपऱ्यातली उजळ जमीन दोन्ही आकड्यांच्या मधे पडते, तिथे खूणच नसते. पण शेजारच्या गडद जमिनीवरून १ क्रमांकाचे पाणी मंद चढावरून तिथपर्यंत पोचते आणि नाण्याच्या तटापाशी थांबते. साऱ्या नाण्यांना एकच क्रमांक, २, दिलेला असल्याने त्यांच्यात आपसांत बांध पडत नाहीत. नाणी एकमेकांना चिकटलेली नाहीत म्हणून हे चालते. नंतर सुटी बेटे मोजली की झाले. एखाद्या नाण्यावरच्या खोल सावलीत आकडा ३० च्या खाली गेला तर तिथे जमिनीची खूण पडून भोक राहते. ते शेवटी भरून घेतात.

नाणी चिकटलेली असती तर हे पुरले नसते, कारण दोन नाण्यांच्या मधे जमीनच उरत नाही. तिथे प्रत्येक ठिपका जमिनीपासून किती दूर आहे ते मोजतात आणि सर्वांत दूरच्या जागा, म्हणजे नाण्यांचे मध्य, खुणा म्हणून घेतात. OpenCV च्या शिकवणीत कमाल अंतराच्या ०.७ पटीपेक्षा जास्त अंतराचे ठिपके खूण धरले आहेत. सारख्या आकाराच्या नाण्यांना ते शोभते. सर्वांत मोठ्या नाण्याची त्रिज्या ४० ठिपके असेल तर सीमा २८ होते, आणि शेजारच्या २५ त्रिज्येच्या नाण्याला खूणच मिळत नाही. बिनखुणेचे नाणे शेजाऱ्याच्या नाहीतर जमिनीच्या पाण्याखाली जाते, आणि कुठे काही बिघडल्याचा इशारा येत नाही. उलट एका लांबट वस्तूवर दोन वेगळ्या खुणा पडल्या तर ती मधोमध चिरली जाते.

यापेक्षा लपून राहणारी चूक आणखी एक आहे. बांध पडतो तो दोन खुणांच्या मधल्या सर्वांत उंच भिंतीवर, आणि ती भिंत खऱ्या काठाची असेलच असे नाही. खूण नाण्याच्या मध्यावर टिकलीएवढी असेल, मधे ठशाची ९ उंचीची कड असेल आणि बाहेरचा काठ ५ च असेल, तर जमिनीचे पाणी ५ वर काठ ओलांडून आत येते आणि बांध ठशावर पडतो. सीमारेषा नाण्याच्या गोलाईऐवजी चेहऱ्याच्या नाकावरून जाताना दिसली की दोष कशाचा हे ओळखावे. ग्रेडियंट चाळत बसण्यात वेळ घालवू नये. खूण मोठी करावी, ठशाच्या पलीकडे पोचेल इतकी. १५० ची खूण उपयोगी पडते तीही ती नाण्यावर ठिकठिकाणी विखुरलेली असते म्हणून.

तुकडे खुणांइतकेच आले, एवढ्यावर समाधान मानू नये. पद्धतीची घडणच तशी असल्यामुळे संख्या जुळणारच. खुणा वेगळ्या रंगात मूळ चित्रावर ठेवून पाहाव्यात. प्रत्येक वस्तूत खूण आहे का, जमिनीला आहे का, एखादी काठ ओलांडून बाहेर गेली आहे का, हे डोळ्यांनीच कळते. वरच्या कोडमध्ये १५० च्या जागी १०० घालून वरचा डावा कोपरा पाहा, आणि मग २०० घालून कोणत्या नाण्यांवर खूण उरत नाही ते शोधा.