विक्री वाढली, पण प्रशिक्षणामुळे का?

प्रशिक्षण संपताच भरून घेतलेल्या फॉर्मवर सगळेच ‘उत्तम’ लिहितात. अमेरिकेतील डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये मांडलेल्या चार पायऱ्यांतली ही फक्त पहिली, प्रतिक्रियेची. दुसरी शिकण्याची, ती चाचणीतून कळते. खरी कसोटी तिसरीची, म्हणजे वागण्याची. दर सांगण्याआधी विक्रेता ग्राहकाची गरज विचारतो का, हे वरिष्ठाने सोबत जाऊन, प्रशिक्षणाआधी आणि तीन महिन्यांनी, एकाच तक्त्यावर नोंदवायला हवे.

चौथी पायरी निकालाची, आणि फसगत इथेच होते. समजा, प्रशिक्षित 20 जणांची महिन्याची 2 कोटींची विक्री 12 टक्क्यांनी वाढली. पण प्रशिक्षण न घेतलेल्या, तशाच गटाचीही दिवाळीमुळे 9 टक्क्यांनी वाढली. मग प्रशिक्षणाच्या वाट्याला 3 टक्केच, म्हणजे महिन्याला 6 लाख. त्यातही नफा धरायचा, विक्री नव्हे. 20 टक्के नफ्याने सहा महिन्यांत 7.2 लाख मिळाले. बुडालेल्या कामाच्या दिवसांसह खर्च 4 लाख असेल, तर निव्वळ लाभ 3.2 लाख, परतावा 80 टक्के.

मात्र तिसऱ्या पायरीवर वागणे बदललेले दिसले नसेल, तर या वाढीचे श्रेय प्रशिक्षणाला देऊ नका.